आधी कोण, नंतर कोण? उद्घाटनाच्या निवेदनाची जुळणी

उद्घाटनाच्या कार्यक्रमात हे हमखास घडतं. फीत कापून होते, समई लागते, फोटो निघतात, आणि त्यानंतर अर्ध्या तासानं निवेदक माइकवर येऊन म्हणतो, ‘आता आपण आजच्या उद्घाटकांचा परिचय करून घेऊ या.’ तोवर श्रोत्यांनी शेजाऱ्याला विचारून घेतलेलं असतं की ही पांढऱ्या साडीतली बाई कोण. परिचय चांगला लिहिलेला असला तरी वाया जातो, कारण तो ज्या कामासाठी लिहिला होता ते काम आधीच उरकलेलं असतं.

सूत्रसंचालन म्हटलं की लोकांना चारोळ्या आणि शेर आठवतात. प्रत्यक्षात निवेदकाची खरी मेहनत कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी होते, आणि ती क्रम लावण्याची असते. कोणाचं नाव कधी घ्यायचं, परिचय कुठे करून द्यायचा, कुणाचा करूनच द्यायचा नाही, हे ठरलं की शब्द सुचायला वेळ लागत नाही. हा क्रम कसा बसतो हे एका उदाहरणावरून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी घडेल असा आहे.

एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत बांधून झाली आहे. उद्घाटन बालसाहित्य लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या हस्ते आहे. समारंभाचे अध्यक्ष गावातले निवृत्त मुख्याध्यापक आहेत. प्रमुख पाहुणे स्थानिक आमदार. अभ्यासिकेसाठी मोठी देणगी देणाऱ्या एका आजींचा सत्कार आहे. शिवाय वाचनालयाचे स्वतःचे अध्यक्ष आणि कार्यवाह आहेतच. सकाळी साडेदहाला सुरुवात करून साडेबाराच्या आत सगळं आटोपायचं आहे.

इथे पहिलाच खड्डा दिसतो. या कार्यक्रमात अध्यक्ष दोन आहेत: एक समारंभाचे, एक संस्थेचे. नुसतं ‘अध्यक्ष महोदयांना विनंती’ म्हटलं की दोघेही खुर्चीतून उठायला लागतात. म्हणून संहितेत पहिल्यापासून ‘समारंभाचे अध्यक्ष’ आणि ‘वाचनालयाचे अध्यक्ष’ असंच लिहायचं आणि प्रत्येक वेळी नावासकट उच्चारायचं.

दोन उलटे क्रम

नवीन निवेदकाची सगळ्यात मोठी गफलत होते ती एकच यादी सगळीकडे वापरल्यामुळे. उद्घाटनात मानाचे दोन क्रम चालतात आणि ते एकमेकांच्या उलट असतात.

स्वागताचा क्रम वरून खाली येतो. आधी समारंभाचे अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग सत्कारमूर्ती, शेवटी संस्थेची मंडळी. काही ठिकाणी उद्घाटकांना पहिला मान देतात. तसं करायला हरकत नाही, पण एकदा ठरलं की पत्रिका, खुर्च्यांची मांडणी आणि पुष्पगुच्छ तिन्हीकडे तेच दिसलं पाहिजे. पत्रिकेत एक क्रम आणि माइकवर दुसरा असला, तर रुसवा तिथूनच सुरू होतो.

बोलण्याचा क्रम मात्र खालून वर जातो. आधी प्रास्ताविक, मग सत्कारमूर्तीचे दोन शब्द, मग प्रमुख पाहुणे, मग उद्घाटक आणि सर्वांत शेवटी अध्यक्ष. अध्यक्ष शेवटी बोलतात यामागे कारण आहे. झालेल्या सगळ्या भाषणांचा समारोप त्यांनी करायचा असतो, आणि त्यांच्यानंतर नवं मत मांडायचा अधिकार कुणालाच नसतो. त्यांच्यापाठोपाठ फक्त आभार येतात. अध्यक्षीय भाषण झाल्यावर निवेदकानं ‘सरांनी किती छान सांगितलं’ म्हणून त्यावर भाष्य करणं हा सभेचा संकेत मोडणं आहे.

परिचयाला मात्र या दोन्ही याद्यांपैकी कुठलीच लावता येत नाही, आणि घोळ नेमका इथे होतो. स्वागताच्या वेळी सगळे पाहुणे ओळीनं बसलेले असतात म्हणून निवेदक तिथेच एकामागून एक चार परिचय वाचून टाकतो. श्रोत्यांना त्यातला पहिला ऐकू येतो, दुसरा अर्धा, आणि तिसऱ्यापासून कोण कुठल्या विद्यापीठाचं आणि कुणाला कुठला पुरस्कार मिळाला याची सरमिसळ होते. पाहुणा बोलायला उठेपर्यंत तासभर गेलेला असतो आणि त्याच्याबद्दल सांगितलेलं काहीही लक्षात राहिलेलं नसतं.

परिचयाचा नियम वेगळा आहे. माणूस ज्या कामासाठी बोलावलाय, त्या कामाच्या अगदी आधी त्याचा परिचय यायला हवा. काम म्हणजे भाषणच असेल असं नाही. उद्घाटकाचं काम उद्घाटन, सत्कारमूर्तीचं काम सत्कार स्वीकारणं, अध्यक्षांचं काम सभा चालवणं. हा नियम लावला की आपल्या चार पाहुण्यांचे परिचय चार वेगवेगळ्या जागी जाऊन बसतात.

चार माणसं, चार जागा

आधी अध्यक्ष. जुन्या रीतीनं सभेच्या सुरुवातीला एक जण अध्यक्षस्थानाची सूचना मांडतो आणि दुसरा अनुमोदन देतो. हल्ली पत्रिकेत नाव छापलेलं असल्यामुळे ही पद्धत बरेच जण गाळतात. पण ठेवायची असेल तर ती व्यासपीठावरची पहिली गोष्ट हवी. सूचना-अनुमोदन होईपर्यंत सभेला अध्यक्षच नसतो, त्यामुळे त्याआधी ‘अध्यक्षांच्या परवानगीनं’ असं म्हणताच येत नाही. मुख्याध्यापकांचा परिचयही इथेच यावा आणि तो सूचना मांडणाऱ्यानं करून द्यावा: या गावात किती वर्षं शिकवलं, वाचनालयाशी काय नातं, म्हणून अध्यक्षपदासाठी हे. अर्ध्या मिनिटात होतं. निवेदकानं तो परिचय पुन्हा वाचायचा नाही.

मग उद्घाटक. इथे जागेची अडचण आहे. फीत दारात बांधलेली असते, श्रोते आत सभागृहात बसलेले असतात. दारात लेखिकेभोवती पंधरा-वीस जण असतात, त्यातले निम्मे मोबाइल वर धरून उभे. तिथे लांबलचक परिचय वाचण्यात अर्थ नाही. दारात एकच वाक्य पुरतं: नाव, त्या बालसाहित्यकार आहेत, आणि फीत कापण्याची विनंती. कोनशिलेवरचा पडदा दूर करायचा असेल तर तोही इथेच. आत बसलेल्यांच्या दृष्टीनं उद्घाटन होतं ते समई लागते तेव्हा. म्हणून उद्घाटकांचा पूर्ण परिचय व्यासपीठावर, दीपप्रज्वलनाच्या विनंतीच्या आधी. पुढे त्या भाषणाला उठतील तेव्हा परिचय परत करायचा नाही, विषयाकडे नेणारी दोन वाक्यं पुरेत.

तिसऱ्या देणगीदार आजी. त्यांच्या परिचयाची जागा लावताना आधी प्रास्ताविक झालं पाहिजे. इमारत कशी उभी राहिली, पैसे कुठे अडले, अभ्यासिकेचं काम का थांबलं होतं हे वाचनालयाचे अध्यक्ष सांगतील, आणि मग आजींचं नाव आलं की त्यांनी काय केलं हे श्रोत्यांना कळेल. सत्कार प्रास्ताविकाच्या आधी उरकला तर टाळ्या शाल-श्रीफळाला पडतात, आजींच्या कामाला पडत नाहीत.

चौथे आमदार. त्यांना सगळे ओळखतात. कुठल्या पक्षाचे, किती वेळा निवडून आले, कुठल्या समितीवर आहेत ही यादी श्रोत्यांसाठी नसते, ती त्यांच्या कार्यकर्त्यांसाठी असते. इथे एक वाक्य पुरतं, आणि ते या इमारतीशी बांधलेलं असावं. समजा जागेच्या परवानगीसाठी त्यांनी पाठपुरावा केला होता, तर तेवढंच सांगायचं आणि भाषणाची विनंती करायची.

आणि पाचवा परिचय, जो करायचाच नाही: यजमान संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा. प्रास्ताविकाला उठणाऱ्या वाचनालयाच्या अध्यक्षांचं नाव आणि पद घेतलं की झालं. यजमानांनी आपल्याच घरच्यांचं कौतुक पाहुण्यांसमोर करत बसणं बरं दिसत नाही.

वेळेचा हिशेब

जागा ठरल्या की घड्याळ लावायचं. आपल्या उदाहरणात तो साधारण असा बसेल:

१०.३० – दारात फीत आणि कोनशिला
१०.४० – मान्यवर व्यासपीठावर. अध्यक्षांची सूचना, परिचय, अनुमोदन
१०.४५ – उद्घाटकांचा परिचय, दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन
१०.५२ – स्वागतगीत
१०.५७ – पुष्पगुच्छ देऊन स्वागत
११.०५ – प्रास्ताविक
११.१५ – देणगीदारांचा परिचय, सत्कार, दोन शब्द
११.२५ – प्रमुख पाहुणे
११.३५ – उद्घाटकांचं भाषण
१२.०० – अध्यक्षीय समारोप
१२.१२ – आभार
१२.१७ – राष्ट्रगीत

कागदावर दहा मिनिटं उरलेली दिसतात. ती उरत नाहीत. पुष्पगुच्छ देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, दोघांचं चालत येणं आणि फोटोसाठी थांबणं यात एका स्वागताला मिनिट-दीड मिनिट सहज जातं. मंचावर सात माणसं असतील तर तेवढ्यातच दहा मिनिटं संपतात. स्वागत करणाऱ्यांना आधीच विंगेत उभं केलं तर यातला निम्मा वेळ वाचतो.

निवेदनाचा वेळ शब्दांवरून काढता येतो. सावकाश आणि स्पष्ट वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे पाऊण मिनिटाचा परिचय हवा असेल तर पंच्याहत्तर शब्द. पाहुण्यांकडून आलेलं परिचयपत्र बहुधा दोन पानांचं असतं. त्यातलं काय ठेवायचं याची कसोटी सोपी आहे: आज इथे हीच व्यक्ती का, या प्रश्नाचं उत्तर देणारा मजकूर ठेवायचा, बाकीचा गाळायचा. परिचयपत्रातून असं वाक्य उतरलेलं असतं:

‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही अशा सुप्रसिद्ध, अष्टपैलू साहित्यिका, विविध पुरस्कारांच्या मानकरी, अनेक संस्थांच्या सल्लागार…’

हे कुणाही लेखिकेला लागू पडेल. त्याऐवजी असं लिहिता येईल:

‘आपल्या गावातल्या मुलांनी ज्यांची पुस्तकं या वाचनालयातून सर्वांत जास्त वेळा घरी नेली, त्या लेखिका आज इथे आल्या आहेत. त्या मुलांसाठी लिहितात आणि लिहिलेलं आधी मुलांना वाचून दाखवतात. मुलं जिथे कंटाळतात ते पान त्या परत लिहितात. नव्या इमारतीतला पहिला दीप लावण्यासाठी मी विनंती करते,’ आणि मग पूर्ण नाव.

पहिल्या वाक्यातली माहिती ग्रंथपालाच्या देवघेव नोंदीतून मिळते. फोन करून विचारायला पाच मिनिटं लागतात, आणि असा तपशील दोन पानी परिचयपत्रात कधीच सापडत नाही. नाव शेवटी ठेवण्यामागेही हेतू आहे. नाव ऐकलं की लोक टाळ्या वाजवतात. ते मध्येच आलं तर टाळ्यांत पुढची विनंती बुडते आणि पाहुण्यांना उठायचं की बसायचं कळत नाही. नाव शेवटी आलं की टाळ्या, पाहुण्यांचं उठणं आणि छायाचित्रकाराचं पुढे सरकणं सगळं एकदम होतं.

नावाच्या उच्चाराची खात्री मात्र आधी करायला हवी. पाहुण्यांची यादी कुणी इंग्रजी लिपीत टंकून पाठवली असेल तर काळे आणि काले, साठे आणि साथे सारखेच दिसतात. चंद्रकांत चव्हाण या नावात दोन्ही ‘च’ लिहायला सारखे, उच्चारायला वेगळे. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, पण परप्रांतीय किंवा सीमाभागातल्या आडनावाला असा आधार नसतो. त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरी फोन करून ऐकावं आणि संहितेत उच्चाराप्रमाणे फोड करून लिहावं.

एक माहिती, एकदाच

आणखी एक घोळ निवेदकाच्या हाताबाहेरचा वाटतो, पण आवरता येतो. पाहुण्यांचा परिचय स्वागतात होतो, प्रास्ताविक करणारा उत्साहात परत करून देतो, निवेदक तिसऱ्यांदा करतो आणि आभार मानणारा चौथ्यांदा. लेखिकेचा तोच पुरस्कार चारदा ऐकायला मिळतो. उपाय असा की परिचयाचा मजकूर प्रास्ताविक आणि आभार करणाऱ्यांना आदल्या दिवशी द्यायचा आणि वाटणी सांगून टाकायची: प्रास्ताविकात इमारतीची गोष्ट, परिचयात माणसाची ओळख, आभारात फक्त कुणी काय मदत केली ते. सुतार, गवंडी, मांडववाला आणि माइकवाला यांची नावं आभाराच्या यादीत आधीच लिहून घ्यावीत, कारण ऐन वेळी ती आठवत नाहीत.

शासकीय कार्यक्रम असेल तर क्रम ठरवण्याचा अधिकार निवेदकाकडे उरत नाही. भारत सरकारचा अग्रताक्रम ठरलेला आहे. त्यात राष्ट्रपती पहिल्या, उपराष्ट्रपती दुसऱ्या आणि पंतप्रधान तिसऱ्या स्थानावर येतात. आपापल्या राज्यात राज्यपाल चौथ्या, आणि खासदार एकविसाव्या. हा तक्ता शासकीय आणि औपचारिक समारंभांसाठी आहे. मंत्री, खासदार, आमदार एकत्र येणार असतील तर पत्रिका छापण्याआधी आणि कोनशिला कोरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात नावांचा क्रम दाखवून घ्यावा. पत्रिका परत छापता येते, दगड परत कोरणं महागात पडतं. २०२३पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं आहे. शासकीय कार्यक्रमात त्यासाठी जागा ठेवावी आणि उभं राहण्याची सूचना संहितेत लिहून ठेवावी. आपल्या वाचनालयासारख्या संस्थेच्या कार्यक्रमाला हा तक्ता बांधील नाही, म्हणूनच इथे लेखिका उद्घाटक आणि आमदार प्रमुख पाहुणे असं चालतं. पण ते आमदारांना निमंत्रण देतानाच स्पष्ट सांगितलेलं असावं.

क्रम मोडतो तेव्हा

वरचं वेळापत्रक जसंच्या तसं पार पडलं असं क्वचितच होतं. म्हणून संहिता सलग पानांवर लिहू नये. प्रत्येक बाबीसाठी वेगळं कार्ड घ्यावं, एका बाजूला, मोठ्या अक्षरात. कार्डाच्या डाव्या कडेला त्या क्षणी काय हजर हवं ते लिहावं. दीपप्रज्वलनाच्या कार्डावर: समईत तेल, वातीच्या टोकाला कापूर, मेणबत्ती, काडेपेटी, पंखा बंद. पाच वातींची समई असेल तर कोण कितवी वात लावणार हेही तिथेच. वात पेटायला वेळ लागतो, तेव्हा निवेदकानं श्लोकांवर श्लोक म्हणत सुटू नये. सनईची ध्वनिफीत लावावी आणि गप्प राहावं.

कार्डांचा फायदा बघा. साडेअकराला स्वीय सहायक येऊन कानात सांगतो की साहेबांना निघायचंय. सलग संहिता असेल तर निवेदक पानं चाळत बसतो. कार्डं असतील तर आमदारांचं कार्ड सत्काराच्या आधी सरकतं. त्यांचा एका वाक्याचा परिचय त्याच कार्डावर असल्यामुळे त्यांच्याबरोबरच सरकतो. मात्र आजींचा सत्कार आमदारांच्या हस्ते होणार असेल तर सत्कार आधी, भाषण नंतर आणि मग निरोप, असे दोन्ही कार्डं जोडून पुढे आणावी लागतात. कोणतं कार्ड दुसऱ्या कशावर अवलंबून आहे हे मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं तर ऐन वेळी डोकं चालवावं लागत नाही.

उद्घाटकच उशिरा आल्या तर वेगळा विचार लागतो. फीत आणि समई त्यांच्याशिवाय होत नाही. पण मुलांची गाणी, वाचनालयाचा जुना इतिहास सांगणारं एखादं मनोगत, ग्रंथप्रदर्शनाची माहिती या गोष्टी थांबत नाहीत. अशी दोन-तीन कार्डं वेगळ्या रंगाची करून तयार ठेवावीत. ‘पाहुणे रस्त्यात आहेत, कृपया शांतता राखा’ असं दर पाच मिनिटांनी सांगणं हे निवेदन नव्हे.

निमंत्रण नसलेला एखादा माजी पदाधिकारी अचानक पहिल्या रांगेत येऊन बसतो, हाही नेहमीचा प्रसंग. त्याचं नाव स्वागतात घ्यायचं आणि त्याला फूल द्यायचं. परिचय आणि भाषण नाही. त्याला मंचावर बोलवायचं का, हा निर्णय संस्थेच्या कार्यवाहांचा. निवेदकानं माइकवरून परस्पर कुणाला वर बोलावू नये, कारण वर खुर्ची नसेल तर एखाद्या पाहुण्याला उठावं लागतं.

राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. अल्पोपाहार कुठे आहे, ग्रंथप्रदर्शन किती वाजेपर्यंत खुलं आहे, गाड्या कुठे लावल्या आहेत या सूचना आभारानंतर आणि राष्ट्रगीताआधी द्याव्यात, कारण राष्ट्रगीतानंतर माइक बंद करायचा असतो. आदल्या संध्याकाळी रिकाम्या सभागृहात घड्याळ लावून सगळी कार्डं एकदा मोठ्यानं वाचावीत, आणि एक प्रत कार्यवाहांच्या हाती द्यावी. निवेदकाचा घसा बसला तर तीच प्रत घेऊन दुसरा कुणीही माइकसमोर उभा राहू शकतो.